छायाचित्र प्रदर्शनासाठी १९,००० रुपये : एका प्रायोजकत्वाच्या नोंदी

कोल्हापुरात आमच्या कॉलेजचा महोत्सव ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२५ असा तीन दिवस झाला. मी प्रायोजक समितीत होते. बाजारातून पैसे आणायचं काम पहिल्यांदाच करत होते, त्यामुळे रोजच्या रोज वहीत लिहून ठेवलं. राजारामपुरीतल्या एका चष्म्याच्या दुकानाचा व्यवहार पहिल्या भेटीपासून शेवटच्या हिशेबापर्यंत पूर्ण नोंदला गेला, म्हणून तेवढाच इथे देते.

२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

पहिली बैठक. एकूण खर्च १,८५,००० रुपये. कॉलेज ८०,००० देणार, स्पर्धांच्या प्रवेश शुल्कातून ३५,००० येतील असा अंदाज. राहिलेले ७०,००० बाजारातून उभे करायचे. राजारामपुरी आणि शाहूपुरीतल्या ३२ दुकानांची यादी केली.

गेल्या वर्षीचं पत्र संगणकात होतंच. त्यात प्लॅटिनम ५०,०००, गोल्ड २५,००० आणि सिल्व्हर १०,००० असे तीन गट होते. साल बदललं आणि ४० रंगीत प्रती काढल्या. ८०० रुपये गेले.

३० नोव्हेंबर, शनिवार

संध्याकाळी पाच ते आठ या वेळात अकरा दुकानं केली. शनिवारची संध्याकाळ म्हणजे गिऱ्हाइकांची वेळ, हे निघताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. सात ठिकाणी "ठेवून जा, बघतो" आणि तीन ठिकाणी "मालक नाहीत" असं उत्तर मिळालं. चष्म्याच्या दुकानातल्या काकांनी मात्र पत्र उघडून शेवटपर्यंत वाचलं.

वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यातला प्लॅटिनम मी व्हायचा की सिल्व्हर?" आम्ही म्हटलं, तुम्हाला परवडेल ते काका. "तसं कसं? तुम्हाला किती पायजेत ते तुम्ही सांगायचं. आणि त्या पैशाचं काय करणार, तेबी सांगायचं. पन्नास हजारात काय होतंय आणि दहा हजारात काय राहतंय, यात कुठंच लिहिलेलं नाही की."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पत्रातली दुसरी एक ओळ त्यांना जास्त खटकली होती : 'आपल्या दुकानाच्या वतीने विद्यार्थ्यांना २० टक्के सूट जाहीर केली जाईल.' ते म्हणाले, "सूट मी देणार, आणि त्याचा फायदा तुम्ही मलाच देणार?" आणि बुधवारी सकाळी अकराला या, तेव्हा दुकान मोकळं असतं, असंही सांगितलं. त्यानंतर आम्ही एकाही दुकानात संध्याकाळी गेलो नाही.

२ डिसेंबर, सोमवार

काकांकडे परत जायचं तर हातात काहीतरी ठोस हवं. 'आमच्या कॉलेजात २,२०० विद्यार्थी आहेत' हे वाक्य आम्ही अकराही दुकानांत म्हटलं होतं आणि कुणी मान वर केली नव्हती. आज दुपारी बारा ते एक मी आणि खजिनदार ग्रंथालयाच्या दाराशी वही घेऊन बसलो. आत-बाहेर करणारी १४० मुलं मोजली, त्यातल्या ४३ जणांना चष्मा होता. ग्रंथालयात येणाऱ्यांत चष्मेवाले जास्त असणार, हे उघड आहे, म्हणून हा आकडा सगळ्या कॉलेजला लावायचा नाही असं ठरवलं. 'ग्रंथालयाच्या दाराशी एका तासात' एवढंच म्हणायचं.

४ डिसेंबर, बुधवार

काकांनी ४३ चा आकडा ऐकला आणि लगेच विचारलं, "यातली गावाकडची किती? ती चष्मा गावातच करतात." वसतिगृहात ३१० जण आहेत, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पण आता बोलणं खरं सुरू झालं होतं.

मग त्यांनी नंबर लिहायच्या चिठ्ठ्यांच्या पॅडवर, मागच्या कोऱ्या बाजूला हिशेब मांडला. विद्यार्थी साधारण १,५०० रुपयांचा चष्मा करतो. फ्रेम, काचा आणि काचा घासून बसवायची मजुरी वजा जाता त्यांना ५५० सुटतात. दहा टक्के सूट दिली तर १५० गेले, ४०० उरले. वीस टक्के दिली तर ३०० गेले, २५० उरले. म्हणजे १५,००० रुपये दिले तर दहा टक्के सुटीवर ३८ चष्मे जावे लागतात, वीस टक्के सुटीवर ६०. आणि आमच्या प्लॅटिनमचे ५०,००० वसूल व्हायला १२५.

हा कागद मी मागून घेतला. रक्कम आम्ही आमच्या गरजेवरून ठरवत होतो. समोरचा माणूस मात्र ती चष्म्यांत मोजत होता. त्या मापात न बसणारा आकडा सांगितला की 'ठेवून जा' हे उत्तर ठरलेलं, हे या पॅडच्या कागदावर स्पष्ट दिसत होतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

'महोत्सवासाठी मदत' असं मागायचं नाही, एक उपक्रम काढायचा आणि त्याचा सगळा खर्च मागायचा असं ठरलं. डोळ्यांच्या दुकानाला शोभेल असा एकच उपक्रम आमच्याकडे होता, छायाचित्र प्रदर्शन. दोन दिवस दर काढत फिरलो. ६० छायाचित्रं छापून फोमशीटवर चिकटवायला प्रत्येकी ११० प्रमाणे ६,६००. उभे फलक १२, तीन दिवसांचं भाडं प्रत्येकी २५० प्रमाणे ३,०००. बक्षिसं ३,०००, २,००० आणि १,००० मिळून ६,०००. दोन परीक्षकांचं मानधन २,०००. दारावरचा फ्लेक्स आणि कूपनांची छपाई १,४००. बेरीज १९,००० आली.

अध्यक्षांचं म्हणणं होतं, २५,००० लिहा, घासाघीस होणारच. मी विरोध केला. तपशील जोडायचा असेल तर प्रत्येक ओळ खरी हवी. काका छपाईवाल्याला फोन करून दर विचारणारे गृहस्थ आहेत, हे दोन भेटींत कळलं होतं. शेवटी १९,००० च ठेवले.

१० डिसेंबर, मंगळवार

पत्राचा मसुदा सांस्कृतिक विभागाच्या सरांना दाखवला. त्यांनी लाल पेनाने दोन ओळी खोडल्या.

पहिली ओळ, 'कॉलेजसमोरच्या रस्त्यावर आपल्या नावाचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स'. रस्त्यावर फलक लावायचा तर महापालिकेची परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, आणि परवानगीशिवाय लावलेल्या फलकावर नाव दुकानाचं असतं. नोटीस आली तर ती काकांच्या दारात जाईल. सर म्हणाले, "जे आपल्या फाटकाच्या आत आहे तेवढंच द्या."

दुसरी ओळ, 'सहभागी विद्यार्थ्यांचे मोबाईल नंबर'. ही गेल्या वर्षीच्या पत्रात होती आणि आम्ही डोळे झाकून उचलली होती. मुलांनी नंबर स्पर्धेच्या नोंदणीसाठी दिलेले असतात, दुकानाला देण्यासाठी नाही. त्याऐवजी दुकानाचं तपासणीचं टेबल ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने तिथल्या वहीत स्वतःच्या हाताने नंबर लिहायचा असं ठरलं.

या दोन ओळी ३० नोव्हेंबरला ११ दुकानांत देऊन झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दहा दुकानांत जाऊन ती पत्रं परत घेतली. अर्धा दिवस गेला.

१२ डिसेंबर, गुरुवार

अंतिम पत्र. कॉलेजच्या लेटरहेडवर, एका पानात, प्राचार्यांच्या सहीने. नावं काढून जसंच्या तसं देते.

विषय : महोत्सवातील छायाचित्र प्रदर्शनासाठी १९,००० रुपयांच्या प्रायोजकत्वाबाबत.

महोदय,

आमच्या महाविद्यालयाच्या महोत्सवात ३० जानेवारी ते १ फेब्रुवारी २०२५ या काळात विद्यार्थ्यांनी काढलेल्या ६० छायाचित्रांचे प्रदर्शन ग्रंथालयाच्या तळमजल्यावर भरणार आहे. या उपक्रमाचा संपूर्ण खर्च १९,००० रुपये असून तो आपण एकमेव प्रायोजक म्हणून उचलावा, ही विनंती. खर्चाचा तपशील मागील पानावर आहे.

प्रदर्शनाच्या दारावरील ६ बाय ३ फुटांच्या फलकावर आणि प्रत्येक छायाचित्राखालील चिठ्ठीवर आपल्या दुकानाचे नाव राहील. तिन्ही दिवस सकाळी १० ते दुपारी २ आपल्याला दृष्टी तपासणीसाठी प्रदर्शनातच टेबल व जागा मिळेल. येणाऱ्या विद्यार्थ्यांना आपली ६०० कूपने आमचे स्वयंसेवक हातात देतील. कूपनावरील सवलत आपण ठरवावी. महोत्सवात चष्म्याच्या दुसऱ्या कोणत्याही दुकानाची जाहिरात घेतली जाणार नाही.

छपाई १८ जानेवारीला द्यावयाची असल्याने आपला निर्णय २० डिसेंबरपर्यंत आणि धनादेश १० जानेवारीपर्यंत मिळावा. धनादेश महाविद्यालयाच्या खात्याच्या नावे काढावा, त्याची पावती कार्यालयातून मिळेल. प्रदर्शन रद्द झाल्यास पूर्ण रक्कम परत केली जाईल. किती कूपने वापरली गेली याचा अहवाल आम्ही १५ मार्चपर्यंत आणून देऊ.

आपले विश्वासू…

आधीच्या मसुद्यात तळाला खजिनदाराच्या खात्याचा क्यूआर कोड छापला होता. पैसे लवकर मिळतील म्हणून. हेड क्लार्कनी तो काढायला लावला. विद्यार्थ्याच्या खात्यात आलेल्या पैशाची कॉलेज पावती देऊ शकत नाही, आणि पावती नसेल तर दुकानदाराला तो खर्च दाखवता येत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी अकराला गेलो. काकांनी आधी मागचं पान वाचलं, मग पुढचं. फोमशीटचा दर जरा जास्त वाटतोय म्हणाले, पण बाकी मान्य. त्यांचा प्रस्ताव असा : १५,००० रोख आणि ४,००० ची दुकानाची व्हाउचर्स. व्हाउचर्स बक्षिसांत द्या, म्हणजे तुमचे तेवढे पैसे वाचतील.

आम्ही तिथेच हिशेब केला. पहिलं बक्षीस २,००० रोख आणि १,००० चं व्हाउचर, दुसरं २,००० चं, तिसरं १,००० चं. रोख गरज १५,००० वर आली, बेरीज जुळली, म्हणून हो म्हटलं. एक गोष्ट तिथे सुटली, ती ३ फेब्रुवारीच्या नोंदीत आहे. सवलत त्यांनी दहा टक्के ठरवली, मुदत २८ फेब्रुवारी.

गल्ल्यातून नोटा काढायला त्यांनी हात घातला तेव्हा त्यांचे हिशेबनीस आतून बोलले, "दहा हजारांच्या वर रोख नको, खर्चात धरत नाहीत." धंद्याच्या खर्चापोटी एका दिवसात एकाला दहा हजारांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च मान्य होत नाही. मग चेकचं ठरलं. हिशेबनिसांची आणखी एक अट होती : पावतीवर 'देणगी' नको, 'प्रायोजकत्व' हवं, कारण बदल्यात नाव लागतंय, म्हणजे ही जाहिरात. आमच्या कार्यालयाच्या पावती पुस्तकावर 'देणगी' असंच छापलेलं आहे. हेड क्लार्कनी शेवटी लेटरहेडवर वेगळी पावती करून द्यायचं कबूल केलं. त्यासाठी चार फेऱ्या झाल्या.

१० जानेवारी २०२५, शुक्रवार

चेक मिळाला. कार्यालयात दिला आणि तिथल्या तिथे परत आला. काकांनी तो महोत्सवाच्या नावाने लिहिला होता आणि त्या नावाचं खातंच नाही. चूक आमची. पत्रात 'महाविद्यालयाच्या खात्याच्या नावे' एवढंच होतं, खात्याचं नाव अक्षरशः लिहिलं नव्हतं. आमच्या खात्याच्या नावात आधी 'प्राचार्य' आहे, ते बाहेरच्या माणसाला कसं कळणार? काका परगावी गेले होते, शनिवार दुसरा म्हणून बँक बंद, मग रविवार. नवा चेक १५ तारखेला हातात आला. छपाईची अर्धी रक्कम, ३,३००, प्रवेश शुल्कातून भागवली.

२० जानेवारी, सोमवार

स्मरणिकेची पानं तपासताना एका पानावर दुसऱ्या चष्मेवाल्याची पाव पानाची जाहिरात दिसली, १,५०० रुपयांची. स्मरणिका समिती वेगळी होती आणि आमच्या पत्रातली अट त्यांना कुणी कळवली नव्हती. आजच त्या दुकानात जाऊन कारण सांगितलं, पैसे परत केले आणि पान बदललं. ते मालक नाराज झाले, आणि त्यांचं बरोबर होतं. कोणत्या धंद्यातला कोण ठरला, याचा एक कागद आता समितीच्या खोलीत दाराला लावला आहे. हा पहिल्या दिवशीच लागायला हवा होता.

३० जानेवारी, गुरुवार

प्रदर्शनाचा पहिला दिवस. दुकानातल्या तपासणी करणाऱ्या दादांना आम्ही जिन्याखालचा कोपरा दिला होता. ते आले, तक्ता हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "हा तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो. इथं आठ फूटबी नाहीत." सहा मीटर म्हणजे वीस फूट. जागा कमी असली तर समोर आरसा लावून अर्ध्या अंतरात काम होतं, पण त्यालाही दहा फूट सरळ मोकळे हवेत, आणि तक्त्यावर उजेड सारखा पडायला हवा. जिन्याखाली दोन्ही नव्हतं. दिवसभरात नऊच जणांची तपासणी झाली.

पत्रात 'टेबल व जागा' लिहिताना किती जागा लागते, हे आम्ही विचारलंच नव्हतं. संध्याकाळी ग्रंथालयाच्या व्हरांड्याची लांबी टेपने मोजली. चोवीस फूट भरली. दोन फलक सरकवले, टेबल तिथे नेलं, तक्त्यासमोर ट्यूबलाईट लावली.

३१ जानेवारी आणि १ फेब्रुवारी

दुसऱ्या दिवशी ४१ आणि तिसऱ्या दिवशी ३६ तपासण्या झाल्या. तीन दिवसांच्या ८६. रांग लागली तेव्हा मागे उभी असलेली मुलं आपोआप भिंतीवरची छायाचित्रं बघत होती, त्यामुळे प्रदर्शनाचाही फायदा झाला.

कूपनं वाटताना पहिल्या दिवशी स्वयंसेवकांनी दारात गठ्ठा ठेवून दिला होता. दुपारी बघितलं तर बरीच कूपनं अंगणात पडलेली. दुसऱ्या दिवसापासून तपासणी झालेल्याला आणि बाहेर पडणाऱ्याला हातात द्यायला सुरुवात केली, मागे तारीख टाकून.

३ फेब्रुवारी, सोमवार

दुसऱ्या बक्षिसाचा मुलगा गडहिंग्लजच्या कॉलेजचा. २,००० चं व्हाउचर घेऊन तो समितीच्या खोलीत आला. त्याला चष्मा नाही, आणि खरेदीसाठी एवढ्या लांबून परत यायचं म्हणजे जाण्या-येण्याचं भाडं. आमच्या भित्तिपत्रकावर तर 'रोख बक्षिसे' असं छापलेलं होतं. ते १३ डिसेंबरच्या आधी छापून झालं होतं आणि नंतर कुणी बदललं नाही. त्याची बाजू बरोबर होती. त्याला किरकोळ खर्चाच्या रकमेतून २,००० रोख दिले आणि व्हाउचर काकांना परत नेऊन दिलं. म्हणजे १९,००० पैकी आमच्या हाती प्रत्यक्षात १७,००० चं प्रायोजकत्व आलं. व्हाउचर घ्यायचंच असेल तर ते पहिल्या बक्षिसाला जोड म्हणून घ्यावं. अख्खं बक्षीस व्हाउचरचं ठेवलं आणि जिंकणारा बाहेरगावचा निघाला, तर रोख आपल्यालाच भरावी लागते.

१३ मार्च, गुरुवार

अहवाल घेऊन गेले. एका पानाचा, सोबत दारावरच्या फलकाचा, रांगेचा आणि एका चिठ्ठीचा जवळून काढलेला फोटो. काकांनी ड्रॉवरमधून कूपनांचा रबर लावलेला गठ्ठा काढला आणि आम्ही दोघांनी मिळून मोजला. ४७ कूपनं आली होती. त्यातल्या २९ जणांनी चष्मा केला, बाकीच्यांनी दांडी बदलणं, स्क्रू बसवणं अशी किरकोळ कामं. ४७ पैकी ३८ कूपनांवर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची तारीख होती.

२९ गुणिले ४०० म्हणजे ११,६००. चेक १५,००० चा होता, म्हणजे ३,४०० कमी पडले. मी हा आकडा अहवालात लिहूनच नेला होता. काका म्हणाले, "हे तुम्ही लिहून आणलं, बरं केलं. पहिला दिवस जिन्याखाली गेला नसता तर जवळपास जुळलं असतं की." मग पुढच्या वर्षीचं विचारलं. त्यांनी त्याच पॅडवर लिहून दिलं : रोख १२,०००, व्हाउचर नाही, व्हरांड्यातली जागा पहिल्या दिवसापासून, आणि महोत्सव महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असला तर बरं, कारण तेव्हा मुलांकडे घरून आलेले पैसे असतात.

ती चिठ्ठी, ४ डिसेंबरचा हिशेबाचा कागद आणि १२ डिसेंबरचं पत्र एकत्र लावून पुढच्या समितीच्या फाईलमध्ये ठेवलं. पत्रात खात्याचं पूर्ण नाव पेनाने भरलं आहे.